खाणं, पिणं आणि लग्नाचा बायोडेटा

मराठी लग्नाच्या बायोडेटात रास, नक्षत्र, नाडी, गण, कुलदैवत, मामाचं गाव असं सगळं तपशीलवार असतं. सवयींच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा 'निर्व्यसनी' हा एकच शब्द येतो, आणि तोही अनेकदा आईने किंवा काकांनी लिहिलेला असतो. पुढे साखरपुडा झाल्यावर मित्रांच्या सहलीचा एखादा फोटो समोर येतो, त्यात बिअरचा ग्लास दिसतो आणि दोन्ही घरांत फोनाफोनी सुरू होते. मग वाद बिअरवर राहत नाही, 'आम्हाला सांगितलं का नाही?' यावर जातो.

विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळांवर यासाठी तयार रकाने असतात. आहारात शाकाहारी, मांसाहारी, क्वचित मांसाहारी, अंडी खाणारे असे पर्याय. दारू आणि धूम्रपानासाठी 'होय', 'नाही' किंवा 'कधीकधी'. घोळ या 'कधीकधी'त आहे. एकाचं कधीकधी म्हणजे ३१ डिसेंबर, दुसऱ्याचं म्हणजे दर शनिवार. दोघांनीही खोटं लिहिलेलं नसतं, पण वाचणारा आपल्या घरच्या मापाने अर्थ लावतो. म्हणून रकाना भरला तरी खाली आपल्या शब्दांत एक वाक्य हवंच. काय, किती वेळा आणि कुठे, एवढं त्यात आलं की पुरे.

एक नमुना घेऊ. मुलगा मूळचा कोल्हापूरचा, नोकरी पुण्यात. घरी बुधवारी आणि रविवारी मटण-चिकन होतं. सोमवार आणि श्रावण पाळला जातो. महिन्यातून एखाद-दोनदा मित्रांबरोबर बिअर घेतो, घरी कधीच नाही. सिगारेट, तंबाखू नाही. 'मांसाहारी, सोशल ड्रिंकर' असं लिहिलं तर निम्म्या घरांत भुवया उंचावतील आणि 'निर्व्यसनी' लिहिलं तर पुढे पंचाईत. त्याने असं लिहावं: 'घरी मांसाहार होतो, सोमवार आणि श्रावण पाळतो. महिन्यातून एक-दोनदा बाहेर बिअर घेतो. सिगारेट-तंबाखू नाही.' यात बचाव नाही आणि फुशारकीही नाही. ज्या घराला हे चालणार नाही, ते घर पोहे खायला बोलावण्याआधीच नकार कळवेल. तो नकार दोघांच्याही फायद्याचा.

आहाराच्या बाबतीत खरा प्रश्न ताटापेक्षा ओट्यावर उभा राहतो. मासे साफ कोण करणार, भांडी वेगळी लागतील का, घरात अंडं तरी शिजेल का? शाकाहारी मुलीने नुसतं 'शुद्ध शाकाहारी' लिहिलं तर यातलं काहीच कळत नाही. 'मी शाकाहारी आहे. घरात इतरांनी मांसाहार केलेला चालेल, मी शिजवणार नाही,' असं लिहिलं तर पुढचं निम्मं बोलणं तिथेच होऊन जातं. घरात मांसाहार अजिबात नको असेल, तर तेही तितक्याच सरळपणे लिहावं. 'शुद्ध' हे विशेषण मात्र टाळलेलं बरं. समोरच्याच्या ताटाला नकळत नाव ठेवल्यासारखं होतं आणि नको तो वाद तिथेच पेटतो. मांस का खात नाही किंवा का खातो, याची कारणमीमांसाही बायोडेटात नको. कारण दिलं की ते खोडणारा भेटतोच.

धूम्रपानाचा रकाना महाराष्ट्रात सर्वांत अपुरा पडतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आसपास होते, पण तंबाखू चघळणारे किंवा मिश्री लावणारे चोवीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे खिशात तंबाखूची पुडी असलेला माणूस 'धूम्रपान : नाही' असं अगदी प्रामाणिकपणे लिहू शकतो. मावा, तंबाखू, मिश्री यांचा उल्लेख वेगळा करायला हवा आणि समोरूनही तो नाव घेऊन विचारायला हवा. इथे मोघमपणाला जागा नाही, कारण सिगारेटचा धूर जोडीदाराच्या आणि पुढे मुलांच्याही छातीत जातो. सवय सोडली असेल तर 'मार्च २०२३ पासून बंद' असं लिहावं. 'सोडायचा प्रयत्न चालू आहे' हे आजच्या तारखेला 'होय'च आहे.

सगळंच कागदावर यायला हवं असं नाही. बायोडेटा व्हॉट्सअ‍ॅपवरून आत्या, मामी, त्यांच्या शेजारी असा कुठेही फिरतो. कॉलेजात वर्षभर ओढलेली आणि कधीच सुटलेली सिगारेट किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाचं व्यसन हे विषय दोघांच्या भेटीत बोलायचे. मात्र लग्न ठरण्याआधी.

अनेक तरुण-तरुणी खरं लिहीत नाहीत, ते समोरच्या घराला घाबरून नव्हे. बायोडेटा आधी स्वतःचे आईवडील वाचतात म्हणून. त्यामुळे ही दोन वाक्यं बाहेर पाठवण्याआधी घरात वाचून दाखवा. जे बोलणं व्हायचं ते आधी तिथे होऊ द्या.