चौरस फुटाला पाच रुपये

बंगळुरूच्या दक्षिणेला डीएलएफ सदर्न होम्सने उभारलेल्या एका गृहप्रकल्पाच्या करारात एक साधं कलम होतं. ताबा द्यायला उशीर झाला, तर बिल्डर ग्राहकाला दरमहा चौरस फुटामागे पाच रुपये देईल. दीड हजार फुटांच्या फ्लॅटला महिन्याचे साडेसात हजार. प्रत्यक्षात ताबा दोन ते चार वर्षं लांबला. ३३९ ग्राहक राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे गेले, तर २०१९ मध्ये आयोगाने करारावरच बोट ठेवलं आणि त्यांची तक्रार फेटाळली. सही केलीत ना, मग पाच रुपये घ्या, असा त्याचा सरळ अर्थ.

ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. करारातल्या पाच रुपयांखेरीज, भरलेल्या रकमेवर उशिराच्या काळासाठी वार्षिक ६ टक्के सरळ व्याज द्या, असं बिल्डरला सांगितलं. याच प्रकरणात आणखी एक गोष्ट उघड झाली. खरेदीखत हवं असेल तर आधी भरपाईचा हक्क सोडा, अशी अट ग्राहकांना घातली जात होती. ती न्यायालयाला मान्य झाली नाही. किल्ली घेतली म्हणून भरपाईचा दावा संपत नाही, हे तेव्हापासून वकिलांच्या तोंडी असतं.

महाराष्ट्रातल्या करारनाम्यांतही अशी किरकोळ भरपाईची कलमं वर्षानुवर्षं छापली गेली. ग्राहकाचा हप्ता चुकला की १८ टक्के, बिल्डरचा ताबा चुकला की नाममात्र रक्कम, हा तर ठरलेलाच साचा. गुरुग्रामच्या पायोनियर अर्बन प्रकरणात कराराचा तोल असाच एका बाजूला होता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कलमं एकतर्फी ठरवली आणि ग्राहकाला साडेचार कोटींच्या आसपासची मूळ रक्कम १०.७ टक्के व्याजासह परत मिळाली. रेरा कायद्याने दोन्ही बाजूंचा व्याजदर सारखाच ठेवला. महाराष्ट्राच्या नियमांत हा दर स्टेट बँकेच्या सर्वांत वरच्या एमसीएलआरमध्ये २ टक्के मिळवून काढतात.

ग्राहक आयोगापुढे मात्र असा बांधीव दर नाही. तिथे प्रकरण पाहून दर ठरतो. निकाल वाचत गेलं तर ६ पासून १२ टक्क्यांपर्यंत आकडे भेटतात आणि पैसे परत करण्याच्या प्रकरणांत ९ टक्के पुन्हा पुन्हा दिसतात. म्हणून तक्रारीत नुसतं ‘योग्य ते व्याज द्यावे’ असं मोघम लिहून चालत नाही. कुठल्या रकमेवर, कुठल्या तारखेपासून आणि किती टक्क्यांनी, हे तक्ता मांडून दाखवावं लागतं.

पुण्यातलं एक काल्पनिक कुटुंब घेऊ. फ्लॅटची किंमत ६० लाख, चटई क्षेत्र ६५० चौरस फूट. करारनाम्यात ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२१. कुटुंबाने १ जानेवारी २०१९ रोजी १२ लाख भरले, त्यानंतरच्या दोन्ही वर्षांच्या पहिल्या तारखेला प्रत्येकी १८ लाख. म्हणजे ताब्याची तारीख उलटली तेव्हा बिल्डरकडे ४८ लाख जमा होते. पुढे १ जुलै २०२२ रोजी आणखी ६ लाख गेले. उरलेले ६ लाख ताब्याच्या वेळी द्यायचे होते. भोगवटा प्रमाणपत्रासह किल्ली मिळाली ३० जून २०२४ रोजी, म्हणजे अडीच वर्षं उशिराने.

कुटुंबाला घर ठेवायचं आहे असं धरू. मग व्याज उशिराच्या काळापुरतंच. ताब्याची तारीख उलटण्याआधी भरलेल्या ४८ लाखांवर ते ३१ डिसेंबर २०२१ पासून मोजायचं. हिशेबाला सोपा म्हणून दर १० टक्के घेतला, तर अडीच वर्षांचे १२ लाख होतात. नंतर भरलेल्या ६ लाखांवर मात्र ते भरल्याच्या दिवसापासून, म्हणजे दोन वर्षांचं, १ लाख २० हजार. एकूण १३ लाख २० हजार. हेच गणित फुटाला पाच रुपयांनी केलं, तर ३० महिन्यांचे होतात ९७,५००. बिल्डर करारातल्या कलमाला इतका चिकटून का बसतो, ते इथे कळतं.

घर नकोच, पैसे परत हवेत, असं ठरलं तर सगळी मांडणी बदलते. आता व्याज ताब्याच्या तारखेपासून नाही, प्रत्येक हप्ता भरल्याच्या तारखेपासून मागायचं. वरच्याच कुटुंबाला ३० जून २०२४ पर्यंत घर मिळालंच नाही आणि दर ९ टक्के मिळाला, असं समजू. पहिल्या १२ लाखांवर साडेपाच वर्षांचे ५.९४ लाख, पुढच्या १८ लाखांवर ७.२९ लाख, त्यानंतरच्या १८ लाखांवर ५.६७ लाख आणि शेवटच्या ६ लाखांवर १.०८ लाख. व्याजच १९.९८ लाखांवर जातं, शिवाय मुद्दल ५४ लाख. हे सगळं सरळ व्याज आहे. चक्रवाढीने मोठा आकडा काढून आणणारे तक्रारदार असतात, पण मंडळासमोर तो आकडा टिकणं कठीण.

हा दुसरा मार्ग आकड्याने मोठा दिसतो म्हणून सर्वांनी तोच धरावा, असं मात्र नाही. परिसरातला भाव दुप्पट झाला असेल तर ९ टक्के व्याजासह परत आलेल्या पैशांत तिथे वन बीएचकेही येत नाही. शिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळून ताब्याचं पत्र हाती पडल्यावर पैसे परत मागणं अवघड होतं. २०२१ च्या आयरिओ ग्रेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकांचे दोन गट केले. ज्यांच्या इमारतींना प्रमाणपत्र मिळालं होतं, त्यांनी उशिराच्या भरपाईसह ताबा घ्यावा आणि ज्यांचं काम अपुरं होतं, त्यांना ९ टक्क्यांनी पैसे परत द्यावेत.

तक्ता मांडताना खरी खटपट तारखांची असते. बिल्डरच्या खातेवहीत पावतीची तारीख एक, बँकेच्या उताऱ्यात पैसे वळते झाल्याची दुसरी. गृहकर्जाचा हप्ता बँकेने थेट बिल्डरला दिला असेल तर वितरणाचं पत्र लागतं. ताब्याची तारीख करारनाम्यातलीच घ्यायची. बिल्डरने रेराकडे नोंदणी करताना प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख पुढची लिहिली असेल, तरी तिने करारातली तारीख पुसली जात नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात २०१७ मध्येच म्हटलं आहे. शेवटची तारीख असते ती भोगवटा प्रमाणपत्रानंतरच्या ताब्याची. ‘फर्निचरचं काम सुरू करा’ म्हणून आधीच हातात दिलेली किल्ली, म्हणजे फिट-आउट पझेशन, ही कायदेशीर ताबा नव्हे.

बिल्डरकडून लेखी उत्तर येतं तेव्हा त्यात ठरावीक कारणं असतात: वाळू, मजूर, महापालिकेची परवानगी आणि २०२० नंतर हमखास कोविड. यातलं कोविडचं कारण निव्वळ सबब म्हणून सोडता येत नाही, कारण महारेरानेच तेव्हा प्रकल्पांना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली होती. आपल्या उदाहरणात ते सहा महिने वजा झाले, तर ४८ लाखांवरचं व्याज १२ वरून ९.६० लाखांवर येतं आणि एकूण दावा १०.८० लाख होतो. जाणकार वकील हा आकडा आधीच काढून ठेवतात. ग्राहकाने स्वतः हप्ते थकवले असतील तर तेही याच टप्प्यावर बाहेर येतं.

व्याजानंतर बाकीच्या मागण्या येतात आणि बऱ्याच तक्रारी इथेच ढिल्या पडतात. व्याज, शिवाय भाड्याचे पैसे, शिवाय गृहकर्जावर बँकेला दिलेलं व्याज, शिवाय मनस्तापाचे दहा लाख. न्यायालयाची भूमिका अशी की ठरलेलं व्याज हीच पैसे अडकल्याची भरपाई आहे. पंचकुल्याच्या डीएलएफ होम्स प्रकरणात २०१९ मध्ये एकाच उशिरासाठी अनेक शीर्षकांखाली दिलेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. २०२५ मध्ये मोहालीच्या विकास प्राधिकरणाविरुद्धच्या प्रकरणात तर ८ टक्के व्याजावर आणखी कर्जाचं व्याज देण्याचा आदेश रद्द केला. ग्राहकाने पैसे बचतीतून आणले की कर्ज काढून, याच्याशी बिल्डरचा संबंध नाही, असं त्यामागचं कारण. एका हाताने भाडं आणि दुसऱ्या हाताने ईएमआय भरणाऱ्या माणसाला हे पटणं कठीण आहे, पण कायदा आज असा आहे. भाड्याचे करार आणि पावत्या तरीही जोडाव्यात. व्याजाचा दर ठरवताना त्या कामी येऊ शकतात. मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च यांसाठी वेगळी, माफक रक्कम मागता येते.

तक्रार कुठे करायची, हे २०१९ च्या कायद्याने प्रत्यक्ष भरलेल्या पैशांवर ठरतं. फ्लॅटची किंमत किंवा मागितलेली भरपाई त्यात धरत नाहीत. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून वर राष्ट्रीय आयोग. आपल्या कुटुंबाने ५४ लाख भरले आहेत, म्हणजे राज्य आयोग आणि फी फक्त दोन हजार रुपये. ४८ लाखांवरच थांबले असते, तर जिल्हा आयोगात एक हजारात काम झालं असतं. मुदत दोन वर्षांची आहे. ताबा मिळेपर्यंत तक्रारीचं कारण रोज नव्याने घडत राहतं, असं न्यायालयं मानतात. ताबा घेतल्यावर मात्र दिवस मोजावे लागतात. रेरा आला म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद झालं नाही, हे २०२० च्या इम्पीरिया प्रकरणाने स्पष्ट केलं. पण एकाच मागणीसाठी दोन्ही दारं एकदम ठोठावता येत नाहीत.

आदेश हाती आला तरी पैसे लगेच खात्यात पडतात असं नाही. बिल्डर अपिलात जातो. ग्राहक आयोगाच्या आदेशाविरुद्ध अपील करायला त्याला निम्मी रक्कम जमा करावी लागते. रेराच्या अपील न्यायाधिकरणात मात्र व्याजासह पूर्ण रक्कम ठेवावी लागते, म्हणून काही वकील अशिलाला तिकडे वळवतात. आदेश पाळलाच नाही तर ग्राहक कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षांची कैद होऊ शकते आणि तशी नोटीस निघाली की तडजोडीचे फोन सुरू होतात. बिल्डर दिवाळखोरीत गेला तर हा धाकही संपतो. कंपनी कायदा न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतलं की कंपनीविरुद्धची वसुली स्थगित होते. २०१८ पासून घर घेणारे वित्तीय धनको मानले जातात, पण त्यासाठी नेमलेल्या व्यावसायिकाकडे ठरलेल्या मुदतीत आपला दावा वेगळ्या अर्जावर नोंदवावा लागतो. आयोगासाठी केलेला हप्ते, तारखा आणि व्याजाचा तक्ता तिथे तसाच जोडता येतो.