ख्यातीचे पैसे कोणाच्या खात्यात?

काका-पुतण्याचे फरसाणाचे दुकान आहे असे समजू. नफ्यात काकांचे रुपयामागे 60 पैसे आणि पुतण्याचे 40. दुकान चांगले चालते. आता त्यांना तिसरा भागीदार घ्यायचा आहे. तो तरुण आहे आणि माल पाकिटबंद करून पुण्या-मुंबईला पाठवण्याची त्याची तयारी आहे. त्याला रुपयात 20 पैसे द्यायचे ठरले. भांडवल म्हणून तो 10 लाख रुपये आणणार आहे. तेवढ्यात काका म्हणतात, ‘‘भांडवल ठीक आहे, पण आमच्या नावाचे काय?’’

हे नाव म्हणजेच गुडविल, हिशेबाच्या पुस्तकांतली ख्याती. जुने गिऱ्हाईक पुन्हा जुन्याच दुकानी येण्याची शक्यता म्हणजे ख्याती, असे लॉर्ड एल्डन या इंग्लिश न्यायाधीशांनी 1810 मध्ये म्हटले होते. आपल्याकडच्या 1932 च्या भागीदारी कायद्याच्या 14 व्या कलमानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर ख्याती ही पेढीची मालमत्ता असते. म्हणजे ती एकट्या काकांची नाही, जुन्या दोघांची मिळून आहे. नवा माणूस आला की उद्यापासून त्या नावावर मिळणाऱ्या नफ्यात त्याचाही वाटा असणार, आणि त्याने ते नाव कमावलेले नाही. म्हणून तो त्याची किंमत भरतो. इथपर्यंत सहसा कोणाचे दुमत नसते. वाद होतात ते पुढच्या दोन प्रश्नांवर. किंमत किती आणि ती मिळणार कोणाला?

आधी किंमत पाहू. गेल्या तीन वर्षांचा नफा अनुक्रमे 7 लाख, साडेनऊ लाख आणि 9 लाख आहे. मधल्या वर्षातले दीड लाख मात्र दुकानाची जुनी गाडी आणि यंत्रे विकून आलेले आहेत. ते दरवर्षी येणार नाहीत, म्हणून वगळायचे. त्या वर्षाचा खरा नफा 8 लाख आणि तीन वर्षांची सरासरीही 8 लाख. काका आणि पुतण्या दिवसभर दुकानात राबतात, त्या कामाचा वाजवी मोबदला वजा करूनच हा आकडा काढलेला हवा. लहान पेढ्यांत हे हमखास राहून जाते आणि मालकांच्या मजुरीलाच ख्याती समजून नव्या माणसाकडून तिचे पैसे घेतले जातात.

सर्वांत सोपी रीत म्हणजे सरासरी नफ्याची दोन किंवा तीन वर्षांची पट. दुप्पट केली तर ख्याती 16 लाख होते. मला ही रीत पटत नाही, कारण दुकानात किती पैसा गुंतला आहे याचा ती विचारच करत नाही. या दुकानात 40 लाखांचे भांडवल आहे. अशा धंद्यात गुंतवणुकीवर साधारण 15 टक्के सुटतात असे धरले, तर कोणतेही नवखे दुकान एवढ्या भांडवलावर 6 लाख मिळवेल. आपले दुकान 8 लाख मिळवते. वरचे 2 लाख हा अधिनफा, आणि तोच नावाचा पराक्रम. असा अधिनफा आणखी तीन वर्षे टिकेल असे मानले तर ख्याती 6 लाखांची ठरते.

सोळा लाख आणि सहा लाख यांत अंतर बरेच आहे, म्हणून कोणती पद्धत वापरायची हे बोलणी सुरू होतानाच ठरवावे. ‘तीन वर्षे’ हा आकडाही कोणत्या कायद्यात लिहिलेला नाही. तो अंदाज आहे. गिऱ्हाईक काकांच्या हातच्या चवीसाठी येत असेल आणि काका दोन वर्षांत निवृत्त होणार असतील, तर तीन वर्षे धरणे हा नव्या माणसावर अन्याय आहे. दुकानाच्या जागेचा भाडेकरार संपत आला असेल तरी तेच. उलट पाककृती लिहून ठेवलेल्या असतील, कारागीर टिकून असतील आणि जागा स्वतःची असेल, तर तीन वर्षे जास्त नाहीत. आपल्या दुकानात हे सगळे आहे, म्हणून 6 लाख धरू. रुपयात 20 पैशांचा वाटा घेणाऱ्याने त्यातले 1 लाख 20 हजार भरायचे, भांडवलाच्या 10 लाखांखेरीज.

आता दुसरा प्रश्न. हे 1 लाख 20 हजार कोणाच्या खात्यात जमा करायचे? दोघे 60-40 चे भागीदार आहेत, तेव्हा 72 हजार काकांना आणि 48 हजार पुतण्याला, असे सहज वाटते. कित्येक पेढ्यांत तसेच केले जाते आणि अनेकदा ते चुकीचे असते. ख्यातीची रक्कम म्हणजे सोडलेल्या वाट्याचा मोबदला. जो जितका वाटा सोडेल, तितका मोबदला त्याचा. हिशेबाच्या भाषेत हे त्यागाचे प्रमाण. ते काढायला जुना वाटा आणि नवा वाटा शेजारी लिहून वजाबाकी करायची, एवढेच.

उरलेले 80 पैसे दोघांनी जुन्याच प्रमाणात वाटून घेतले, तर काकांचे 48 आणि पुतण्याचे 32 होतात. काकांनी 12 पैसे सोडले, पुतण्याने 8. त्यागाचे प्रमाण जुन्या प्रमाणाइतकेच आले आणि 72-48 हजारांची वाटणी बरोबर ठरली. त्यामुळे चूक झाकली जाते, आणि पुढच्या वेळी तीच रीत डोळे मिटून वापरली जाते.

आपल्या दुकानात मात्र ठरले आहे वेगळे. काकांचे वय झाले, आता पुतण्याने जास्त भार घ्यायचा. नवे वाटे असे: काका 30 पैसे, पुतण्या 50, नवा भागीदार 20. वजाबाकी केली की दिसते की काकांनी 30 पैसे सोडले आणि पुतण्याने काहीच सोडले नाही. उलट त्याचे 10 पैसे वाढले. म्हणजे काकांनी सोडलेल्या 30 पैशांपैकी 20 नव्या माणसाने घेतले आणि 10 घरातल्याच पुतण्याने. मग पुतण्यानेही त्या 10 पैशांची किंमत द्यायला हवी. सहा लाखांवर ती 60 हजार होते.

तेव्हा नव्या भागीदाराचे 1 लाख 20 हजार पूर्णपणे काकांच्या भांडवल खात्यात जमा होतात, शिवाय पुतण्याच्या खात्यातून 60 हजार वजा होऊन तेही काकांच्या खात्यात येतात. काकांना मिळतात 1 लाख 80 हजार, म्हणजे 6 लाखांवर बरोबर 30 पैशांच्या हिशेबाने. जुन्या प्रमाणात वाटणी झाली असती तर काकांना 72 हजारच मिळाले असते. उरलेले 1 लाख 8 हजार त्यांच्या खिशातून पुतण्याकडे गेले असते, कोणाच्या लक्षातही न येता. घरच्या घरात असल्या गोष्टी बोलल्या जात नाहीत, आणि पुढे काकांची मुले वह्या उघडून पाहतात तेव्हा त्या एकदम बोलल्या जातात.

आकडे बरोबर आहेत का, हे पडताळण्याची एक जुनी युक्ती आहे. आधी 6 लाखांची ख्याती जुन्या प्रमाणात दोघांना जमा करायची, काकांना 3 लाख 60 हजार आणि पुतण्याला 2 लाख 40 हजार. मग तीच ख्याती नव्या प्रमाणात तिघांच्या नावे टाकून पुसून टाकायची, काकांच्या नावे 1 लाख 80 हजार, पुतण्याच्या 3 लाख, नव्याच्या 1 लाख 20 हजार. शिल्लक पाहा. काकांना 1 लाख 80 हजार येणे, पुतण्याचे 60 हजार देणे, नव्याचे 1 लाख 20 हजार देणे. वरचेच उत्तर आले. नव्या भागीदाराकडे त्या वेळी ख्यातीची रोकड नसेल, तर नेमक्या याच आकड्यांनी त्याच्या चालू खात्यावर ती रक्कम नावे टाकून काम भागते.

पण ती ख्याती पुसून टाकणे आवश्यक आहे. स्वतःच्या धंद्यात वाढलेली ख्याती ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवू नये, असे आपल्याकडचे लेखामानक 26 सांगते. नवा भागीदार आल्यानंतरच्या ताळेबंदात एकाएकी ‘ख्याती 6,00,000’ ही ओळ दिसली, तर हिशेब अर्धवट सोडलेला आहे असे खुशाल समजावे. जुन्या ताळेबंदात आधीपासून काही ख्याती पडून असेल, तर ती नवा माणूस येण्यापूर्वी जुन्या दोघांनी जुन्या प्रमाणात आपल्या भांडवलातून वजा करून टाकायची.

आणखी एक ठिकाण गोंधळाचे आहे. प्रवेशाच्या वेळी मालमत्तेचे पुनर्मूल्यांकनही होते. समजा दुकानाची जागा वह्यांतल्या किमतीपेक्षा 5 लाखांनी वधारलेली निघाली. ही वाढ जुन्याच प्रमाणात वाटायची, 3 लाख काकांना आणि 2 लाख पुतण्याला. त्यांची भांडवले 21 आणि 14 लाखांवरून 24 आणि 16 लाख झाली. ख्याती मोजताना धरलेले 40 लाख ते हेच. इथे त्यागाचे प्रमाण लागत नाही, कारण जागेची किंमत वाढली ती दोघे 60-40 असताना. ती कमाई झालेली आहे, तिच्यात कोणी काही सोडत नाही. साठवून ठेवलेल्या संचितीचेही तसेच. ख्यातीचे पैसे मात्र उद्याच्या नफ्यातल्या वाट्यासाठी आहेत, म्हणून त्यांचे माप वेगळे.

सगळे झाल्यावर भांडवले अशी दिसतील: काका 25 लाख 80 हजार, पुतण्या 15 लाख 40 हजार, नवा भागीदार 10 लाख. बेरीज 51 लाख 20 हजार. आधीचे 40 लाख, नवे 10 लाख आणि ख्यातीची रोकड 1 लाख 20 हजार यांचीही बेरीज तेवढीच. पुतण्याचा नफ्यातला वाटा वाढला आणि भांडवल कमी झाले, हेच हिशेब बरोबर असल्याचे लक्षण आहे.

कधी कधी नवा भागीदार ख्यातीचे पैसे काकांच्या हातात परस्पर देतो. मग पेढीच्या वह्यांत नोंदच होत नाही. हिशेबशास्त्राला ते चालते, व्यवहारात मात्र त्यातून भांडणे निघतात. पाच वर्षांनी हा भागीदार बाहेर पडताना ख्यातीतला आपला हिस्सा मागेल, तेव्हा त्याने प्रवेशाच्या वेळी काय आणि कशासाठी भरले याचा कागद कोणाकडेच नसेल. नव्या भागीदाराच्या प्रवेशाला कलम 31 प्रमाणे सर्व जुन्या भागीदारांची संमती लागतेच, आणि त्या वेळी नवे करारपत्रही बहुतेक होतेच. त्यातच पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात: ख्यातीची ठरलेली किंमत, ती कोणत्या पद्धतीने काढली, कोणाचे किती पैसे कमी-जास्त झाले, कोणी किती रक्कम कोणाला दिली, आणि पुढे कोणी निवृत्त झाला तर ख्याती कोणत्या रीतीने मोजायची.