बारीक गाय, जाड ट्रक

एका दूध संस्थेच्या वार्षिक सभेसाठी पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण तयार होते आहे, असे समजू. पहिल्याच स्लाइडवर चार आयकॉन ओळीने बसवले आहेत: सभासद, दुधाचा ट्रक, शीतकरणाचा थर्मामीटर आणि गाय. चारही एकाच निळ्या रंगात, चारही 1.2 सेंटिमीटर उंचीचे. तरी गाय त्या ओळीत उपरी वाटते. रंग पुन्हा तपासला, उंची पुन्हा मोजली, तरी चूक सापडत नाही. कारण चूक रंगात नाही आणि उंचीतही नाही. ती रेघेच्या जाडीत आहे.

पहिले तीन आयकॉन ‘फेदर’ नावाच्या मोफत संचातले आहेत. या संचात डॉलर आहे, पण रुपया नाही, आणि गाय तर नाहीच. म्हणून गाय ‘फॉस्फर’ या दुसऱ्या मोफत संचातून आणली गेली. फेदरचे प्रत्येक चित्र 24 एककांच्या चौकोनात काढलेले असते आणि त्याची रेघ 2 एककांची असते. म्हणजे चौकोनाच्या बाराव्या हिश्शाएवढी. फॉस्फरचा चौकोन 256 एककांचा आणि नेहमीच्या वजनाची रेघ 16 एककांची, म्हणजे सोळावा हिस्सा. दोन्ही चित्रे 1.2 सेंटिमीटरची केली, की ट्रकची रेघ 1 मिलिमीटर भरते आणि गायीची पाऊण मिलिमीटर. कागदावर हा फरक किरकोळ. सभागृहाच्या पडद्यावर तो मागच्या रांगेलाही दिसतो.

व्हेक्टर आयकॉन म्हणजे ठिपक्यांचे चित्र नव्हे. एसव्हीजी फाइलमध्ये ‘इथून तिथपर्यंत एवढ्या जाडीची रेघ’ अशा सूचना लिहिलेल्या असतात, त्यामुळे चित्र कितीही मोठे केले तरी ते फाटत नाही. पण ते मोठे होताना रेघही तितकीच जाड होते. तोच ट्रक शीर्षकाच्या स्लाइडवर 2.4 सेंटिमीटरचा आणि आतल्या तक्त्यात 1.2 सेंटिमीटरचा ठेवला, तर पहिल्याची रेघ दुसऱ्याच्या दुप्पट होणार. यावर सोपा उपाय म्हणजे आधीच दोन मापे ठरवून घ्यायची, एक ठळक जागांसाठी आणि एक मजकुराशेजारी, आणि तिसरे माप वापरायचेच नाही. फॉस्फरमध्ये एकाच चित्राच्या बारीक ते जाड अशा आवृत्त्या मिळतात. तिथे मोठ्या मापाला बारीक रेघेची आवृत्ती घेतली, तर दोन्ही मापांतला फरक कमी करता येतो.

गायीचे काय करायचे? तिला मोठी करून रेघ जुळवता येईल, पण त्यासाठी ती 1.6 सेंटिमीटरची करावी लागेल आणि मग तीच ओळीत डोकावू लागेल. फॉस्फरची जाड आवृत्ती 24 एककांच्या रेघेची आहे. 1.2 सेंटिमीटरला ती साधारण 1.1 मिलिमीटर होते, म्हणजे ट्रकच्या बरीच जवळ. घाई असेल तर एवढे पुरे. पण पुढच्याच स्लाइडवर रुपया लागणार असेल, तर उरलेले तीन आयकॉनही फॉस्फरमधूनच घेणे शहाणपणाचे. जुने पुसून नवे आणायची गरज नाही. आयकॉनवर उजवी क्लिक करून `Change Graphic` निवडले, की नवे चित्र जुन्याच्या जागी बसते आणि मांडणी फारशी हलत नाही.

आता रंग. इथे दोन संचांतला दुसरा फरक वर येतो. फेदरचा ट्रक खरोखरच्या रेघांचा बनलेला आहे, आतली जागा रिकामी. फॉस्फरची डाउनलोड केलेली गाय वरवर रेघांचीच दिसते, पण त्या रेघा प्रत्यक्षात अरुंद भरीव आकार असतात. म्हणून ट्रकला `Graphics Outline` मधून रंग द्यावा लागतो आणि गायीला `Graphics Fill` मधून. उलटे केले, की ट्रकची आतली जागा भरून त्याचा निळा गोळा होतो आणि गायीच्या रेघांना वरून आणखी एक कड लागून ती फुगते. संचाचे नाव ठाऊक नसेल तर हा गोळाच ओळख पटवतो: `Graphics Fill` देताच चित्र बुजले तर ते रेघांचे होते. मग लगेच `Ctrl+Z`.

कधी कधी याहून चमत्कारिक प्रकार होतो. रंग देताच आयकॉनच्या जागी अख्खा निळा चौकोन उभा राहतो. दोष बहुधा फाइलमधल्या अशा एका ओळीचा असतो:

```
<rect width="256" height="256" fill="none"/>
```

हा चित्राच्या हद्दीएवढा अदृश्य चौकोन. ‘रंग नाही’ असे त्याच्यावर लिहिलेले असते, पण सगळ्या आकारांना एकदम रंग देताना तोही रंगू शकतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडून तेवढी ओळ काढायची, जतन करायची आणि आयकॉन पुन्हा आणायचा. चित्राचे माप फाइलच्या सुरुवातीच्या `viewBox` मध्ये वेगळे नोंदलेले असल्यामुळे ते बदलत नाही.

अशा वेळी अनेक जण `Convert to Shape` कडे वळतात. त्याने चित्राचे सुटे भाग होतात आणि ट्रकची फक्त चाके वेगळ्या रंगात करता येतात. पण रेघांच्या आयकॉनबाबत त्याची एक अडचण आहे. रूपांतरानंतर रेघेची जाडी पॉइंटमध्ये ठरून जाते आणि आकार लहान केला तरी ती कमी होत नाही. 1.2 सेंटिमीटरच्या ट्रकची रेघ साधारण 2.8 पॉइंट असते. तो निम्मा केला, तरी रेघ 2.8 पॉइंटच राहते आणि चाकांची भोके बुजू लागतात. म्हणून माप आधी पक्के करावे आणि रूपांतर अगदी लागलेच तर शेवटी.

उंची सारखी ठेवूनही डोळ्यांना फसवणारी एक गोष्ट उरते. चांगल्या संचात प्रत्येक चित्राभोवती ठरावीक मोकळी कड सोडलेली असते, त्यामुळे चौकोन सारखे केले की चित्रे जुळतात. इंटरनेटवरून सुटा उचललेला आयकॉन मात्र बहुतेकदा कडेपर्यंत छाटलेला असतो. असा छाटलेला आडवा टँकर 1.2 सेंटिमीटर उंच केला, की रुंदीला तो शेजाऱ्यांच्या दुप्पटही होऊ शकतो. त्याला उंचीचा नियम लावू नये. 1.2 सेंटिमीटरच्या पारदर्शक चौकोनात तो मावेल एवढा करावा, आणि चौकोनासह `Ctrl+G` ने गट बांधावा. माप बदलताना `Lock aspect ratio` चालू आहे ना, हेही पाहून घ्यावे. नाहीतर टँकर चपटा होतो.

निळा रंग कुठून घेतला, यावर पुढचे बरेच काम अवलंबून असते. रंगांच्या यादीत वर थीमचे रंग असतात. त्यांतला, समजा `Accent 1`, निवडला तर आयकॉन त्या जागेशी बांधला जातो. संस्थेने उद्या निळ्याऐवजी हिरवा रंग ठरवला, की `Design` मधल्या `Variants` मध्ये जाऊन `Colors` बदलायचे आणि सगळे आयकॉन एकदम हिरवे होतात. पण कुणी लोगोवरून ड्रॉपरने निळा टिपला असेल, तर तो रंग कायमचा निळाच राहतो. दिसायला दोन्ही निळे हुबेहूब सारखे, म्हणून नुसत्या नजरेने वेगळे कळत नाहीत.

ते ओळखण्याची युक्ती मात्र सोपी आहे. सादरीकरण पूर्ण झाल्यावर `Colors` मधला एखादा भडक, केशरी-जांभळा संच क्षणभर लावायचा आणि `Slide Sorter` मध्ये सगळ्या स्लाइड एकदम पाहायच्या. जे आयकॉन अजून निळेच आहेत, त्यांना थीमचा रंग नव्याने द्यायचा, आणि मग `Ctrl+Z` करून जुना संच परत आणायचा नाही, तर `Colors` मधूनच तो पुन्हा निवडायचा, नाहीतर केलेली दुरुस्तीही त्यासोबत उलटते.