रिकामा चौकोन म्हणजे खाडा नव्हे

रतीब घालणाऱ्या गवळ्याची वही बाहेरच्या माणसाला सहसा वाचता येत नाही. लांबट वही, एका पानावर एक दिवस, पानाच्या कडेला दुधाचे वाळलेले डाग. नावं तरी कशी? ‘मास्तर’, ‘जिन्याखालच्या काकू’, ‘शिलाईवाले’, ‘बँकवाले वरचे’. नावापुढे कुठे ‘१॥’, कुठे नुसत्या दोन उभ्या रेघा, कुठे ‘+२’, तर कुठे ‘खा’. अर्ध्याहून अधिक नावांपुढे तर काहीच नाही. महिनाअखेरीला याच पानांवरून घरोघरचं बिल काढायचं असतं.

पूर्वी गवळी हे बिल तोंडीच करायचा. एकतीस दिवस, पाच खाडे गेले, उरले सव्वीस, दीड लिटरने एकोणचाळीस लिटर, गुणिले दर. घरातली बाई भिंतीवरच्या कॅलेंडरवर खाड्यांच्या फुल्या मोजायची आणि जमलं तर जमलं. आता तीस-चाळीस घरांचा रतीब असला, तर घरातला कोणी शिकणारा मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर शीट उघडून बसते. पहिल्याच संध्याकाळी तिची गाडी एका प्रश्नावर अडते.

“आप्पा, हे रिकामं आहे म्हणजे खाडा?”

“अगं नाही. रिकामं म्हणजे रोजचंच.”

सगळा घोळ या दोन वाक्यांत आहे. गवळी रोजचं लिहीत नाही, कारण ते त्याला पाठ असतं. रोजच्यापेक्षा वेगळं घडलं, तरच तो पेन काढतो. कॅलेंडरचंही तसंच, तिथे फुली फक्त खाड्याला पडते. म्हणजे वहीत आणि भिंतीवर, दोन्हीकडे गप्प राहणं याचा अर्थ ‘नेहमीप्रमाणे दूध घातलं’. शीटला मात्र रिकाम्या चौकोनाचा अर्थ एकच कळतो, तो म्हणजे काही नाही. वही आहे तशी उतरवली, तर ज्या घराने महिनाभर एकही खाडा केला नाही, त्याचं बिल शून्य येईल.

त्यामुळे शीट वहीवरून भरायला सुरुवात करायचीच नाही. आधी आप्पांना समोर बसवून प्रत्येक घराचा बांधलेला रतीब विचारायचा आणि तो महिन्याच्या सगळ्या दिवसांना भरून टाकायचा. मग वही उघडून तिच्यातले बदल त्यावर चढवायचे. ‘+२’ असेल तिथे रोजच्यात दोन मिळवून पूर्ण आकडा लिहायचा आणि ‘खा’ असेल तिथे `0` टाकायचा. एवढं झालं की शीटमध्ये एकही चौकोन रिकामा उरता कामा नये. खाडा म्हणजे शून्य. रिकामा चौकोन म्हणजे भरायचं राहून गेलं, एवढाच अर्थ ठेवायचा.

मांडणी साधी असावी. पहिल्या ओळीत तारखा, १ पासून ३१ पर्यंत. दुसऱ्या ओळीत म्हशीच्या दुधाचा दर, तोही प्रत्येक तारखेखाली वेगळा लिहिलेला. तिसऱ्या ओळीत तसाच गाईच्या दुधाचा. पाचव्या ओळीपासून घरं. एखादं घर मोठ्यांसाठी म्हशीचं आणि लहान बाळासाठी गाईचं घेत असेल, तर त्या घराच्या दोन ओळी कराव्यात. एकाच चौकोनात दोन दुधं कोंबू नयेत.

दर एकतीस वेळा लिहायचा म्हणजे वेडेपणा वाटेल. पण दूध महिन्याच्या एक तारखेलाच महाग होतं असं नाही. दर मध्येच बदलतो आणि तोंडी हिशोबाचं गणित तिथेच चुकतं. खाडे दरवाढीच्या आधीचे की नंतरचे, यावर पैसे बदलतात. तारखेखाली दर लिहिलेला असला की हा प्रश्नच उरत नाही.

उदाहरणापुरतं मास्तरांचं घर घेऊ. महिना ऑक्टोबर २०२५, दूध म्हशीचं, रतीब दीड लिटरचा. दर १५ तारखेपर्यंत ७२ रुपये आणि १६ पासून ७५ रुपये धरू. ६ तारखेला कोजागरी होती, म्हणून त्या दिवशी दोन लिटर जास्त घेतलं. दिवाळीला ते गावी गेले, म्हणून वहीत २० ते २४ असे पाच खाडे आहेत. २८ तारखेला शेवटच्या घरी येईपर्यंत दूध संपत आलं आणि मास्तरांना एकच लिटर मिळालं.

आता पंधरवड्यांनी बघू. १ ते १५ मध्ये चौदा दिवस दीड लिटर म्हणजे २१ आणि कोजागरीचे साडेतीन, असे साडेचोवीस लिटर. ७२ ने १,७६४ रुपये. १६ ते ३१ मध्ये खाडे वजा जाता अकरा दिवस उरतात. त्यातले दहा दिवस दीड लिटर आणि एक दिवस एक लिटर, असे १६ लिटर. ७५ ने १,२०० रुपये. एकूण साडेचाळीस लिटर, २,९६४ रुपये. तोंडी हिशोबाने एकोणचाळीस लिटर गुणिले ७५ केलं असतं तर २,९२५ आले असते आणि जुन्याच दराने केलं असतं तर २,८०८. दोन्ही आकडे चूक, आणि दोन्हींत तोटा गवळ्याचा.

शीटमध्ये मास्तरांची ओळ पाचवी असेल, तर या सगळ्याला चार सूत्रं पुरतात:

```
=SUM(B5:AF5)
=COUNTIF(B5:AF5,0)
=SUMPRODUCT(B5:AF5,$B$2:$AF$2)
=COUNT(B5:AF5)
```

पहिलं एकूण लिटर देतं, दुसरं खाडे मोजतं. तिसरं प्रत्येक दिवसाचं दूध त्याच दिवसाच्या दराने गुणून बेरीज करतं, म्हणजे बिलाचे पैसे. डॉलरची खूण दराच्या ओळीला लावलेली आहे, म्हणजे सूत्र खालच्या घरांना ओढून नेलं तरी दराची ओळ जागची हलत नाही. गाईच्या दुधाच्या घरांना तिथे `2` ऐवजी `3` लिहायचा.

चौथं सूत्र पैशांचं नाही, राखणीचं आहे. ओळीत खरे आकडे किती आहेत तेवढंच ते मोजतं. ऑक्टोबरचं उत्तर ३१ यायला हवं. ३० आलं, तर एक चौकोन रिकामा आहे किंवा त्यात आकड्याच्या ऐवजी काहीतरी अक्षर बसलं आहे.

अक्षर बसतं कसं? इथे वहीची जुनी लिपी आडवी येते. ‘१॥’ म्हणजे दीड, ‘॥’ म्हणजे अर्धा, ‘।’ म्हणजे पाव, ‘॥।’ म्हणजे पाऊण. जुन्या हिशोबनिसांची ही खूण फार सुटसुटीत; आप्पांच्या पिढीच्या हाताला ती वळणानेच येते आणि ती त्यांनी सोडावी असं काही कारण नाही. पण शीटला ती कळत नाही. चौकोनात ‘१॥’ लिहिलं की शीट त्याला मजकूर समजते आणि बेरजेतून गुपचूप वगळते. चूक झाल्याचं सांगतही नाही. देवनागरी अंकांचाही भरवसा धरू नये. `1.5`, `0.5`, `0.25` असंच टाकावं. ओळखायची खूण अशी, की शीटमध्ये आकडा आपोआप चौकोनाच्या उजव्या कडेला जातो आणि मजकूर डाव्या कडेला. पूर्ण पानावरून नजर फिरवली की डावीकडे सरकलेला एखादा आकडा लगेच दिसतो.

अर्ध्या लिटरसाठी `1/2` लिहिण्याची चूक याहून वाईट. शीट त्याची तारीख करून टाकते आणि तारीख तिच्या पोटात एका मोठ्या क्रमांकाच्या रूपात असते, सध्याच्या वर्षांत पंचेचाळीस-सेहेचाळीस हजारांच्या घरातल्या. काकूंचा अर्धा लिटर मग तेवढे हजार लिटर होतो. ही चूक चौथ्या सूत्रालाही सापडत नाही, कारण तारीख हाही तिच्या लेखी आकडाच. मात्र बिल लाखांत गेल्यावर ती कोणाच्याही नजरेतून सुटत नाही.

आता ग्राहकाच्या हातात द्यायची चिठ्ठी. तिच्यावर नुसतं ‘खाडे ५’ लिहू नये. ‘खाडे २० ते २४’ असं लिहावं. संख्येवरून वाद होतात, तारखांवरून आठवण होते. दर बदललेला असेल, तर दोन्ही दरांचं दूध वेगळं दाखवावं. त्यासाठी ७२ च्या दराने किती लिटर गेलं हे असं निघतं:

```
=SUMIF($B$2:$AF$2,72,B5:AF5)
```

उत्तर २४.५. त्याखाली ७५ चे १६ लिटर, मग मागची बाकी, मग एकूण. मास्तरांची मागची बाकी १२० धरली, तर ३,०८४ रुपये. पाव लिटरच्या घरांना पैसे अपूर्णांकात येतात. ते रोजच्या रोज पूर्ण करू नयेत, शेवटी एकदाच करावेत. नाहीतर पंचवीस पैशांची रोजची घट-वाढ महिन्याला सात-आठ रुपयांवर जाते.

दूध तापवताना नासलं आणि गवळ्याने त्या दिवसाचे पैसे सोडले, तर तिथेही शून्य लागेल आणि खाड्यांत एक वाढेल. म्हणून ओळीच्या शेवटी शेऱ्याची एक जागा ठेवून ‘१२ ला नासलं’ असं लिहावं. हा खाडा ग्राहकाने केलेला नसतो आणि ते दूध कॅनमधून गेलेलं असतं.

कॅनचा उल्लेख आला तो महत्त्वाचा आहे. आडव्या ओळीने घराचं बिल निघतं, पण उभ्या रकान्याची बेरीज केली की त्या दिवशी एकूण किती दूध वाटलं ते निघतं. सकाळी किती लिटर भरून नेलं आणि किती परत आणलं, हे दोन आकडे आप्पा पानाच्या डोक्यावर लिहीत असतील, तर त्यांची वजाबाकी आणि रकान्याची बेरीज जुळायला हवी.

मास्तर चिठ्ठी वाचून म्हणतात, “अहो, एकोणीसला पहाटेच आम्ही निघालो होतो. तुम्ही आलात तेव्हा घराला कुलूप असणार.” वहीत १९ तारखेला मास्तरांपुढे काहीच नाही, म्हणजे शीटमध्ये दीड लिटर भरलेलं आहे. मुलगी घरी येऊन त्या दिवसाचं पान काढते. वर लिहिलंय, भरलं ४०, परत २. म्हणजे वाटलं ३८. शीटमध्ये १९ तारखेच्या रकान्याची बेरीज आहे साडेएकोणचाळीस. फरक बरोबर दीड लिटरचा.

ती मास्तरांच्या ओळीत १९ खाली `0` टाकते. लिटर एकोणचाळीस होतात, खाडे सहा, महिन्याचे २,८५१ रुपये ५० पैसे, बाकीसकट २,९७१ रुपये ५० पैसे. आप्पा दुसऱ्या दिवशी किटली उतरवताना नवी चिठ्ठी देतात. मास्तर २,९७० रुपये मोजून देतात आणि उरलेला दीड रुपया नोव्हेंबरच्या शीटमध्ये मागच्या बाकीच्या चौकोनात जाऊन बसतो.