डुलणाऱ्या अर्ध्या दंडगोलाचा हिशेब

जुन्या कचेऱ्यांमध्ये साहेबांच्या टेबलावर टिपकागदाचा एक लाकडी ठोकळा असे. वरून सपाट, खालून गोलाकार. ओल्या सहीवर तो एकदा इकडून तिकडे डुलवला की शाई टिपली जाई. त्या ठोकळ्याचा गोलवा अर्ध्या वर्तुळाहून बराच कमी असायचा. आपण पूर्ण अर्धा घेऊ. सुताराकडून दहा सेंटिमीटर व्यासाचा लाकडी गोल रूळ मधोमध उभा चिरून घ्यायचा, एक फाक गोल बाजू खाली करून टेबलावर ठेवायची आणि तिच्या कडेवर बोटाने हलकेच दाबून सोडायचे. ती डुलू लागते. एका पूर्ण डुलण्याला, म्हणजे इकडून तिकडे जाऊन परत यायला, किती वेळ लागेल हे घड्याळाला हात न लावता सांगता येते. त्यासाठी आधी एक उंची माहीत हवी. फाकेचा गुरुत्वमध्य टेबलापासून किती वर आहे, ती उंची.

फाक भरीव आहे, त्यामुळे गुरुत्वमध्य सपाट बाजूवर नसून तिच्या थोडा खाली, लाकडाच्या आत आहे. किती खाली, हे काढायची एक देखणी युक्ती चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या पॅपसच्या नावाने ओळखली जाते. अर्धवर्तुळ त्याच्या व्यासाभोवती गरकन फिरवले की पूर्ण गोळा तयार होतो. पॅपसचा नियम असा, की गोळ्याचे घनफळ म्हणजे अर्धवर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले त्याच्या मध्याने फिरताना कापलेले अंतर. गोळ्याचे घनफळ शाळेपासून पाठ असते, अर्धवर्तुळाचे क्षेत्रफळही. उरते ते मध्याचे व्यासापासूनचे अंतर:

a = 4R/3π

म्हणजे त्रिज्येच्या साधारण ०.४२ पट. आपल्या फाकेची त्रिज्या ५ सेंटिमीटर, म्हणून गुरुत्वमध्य सपाट बाजूच्या २.१२ सेंटिमीटर खाली आणि टेबलापासून २.८८ सेंटिमीटर वर. फाकेची लांबी किती, लाकूड सागाचे की बाभळीचे, याने या आकड्यांत काही फरक पडत नाही. लाकूड सगळीकडे सारखे दाट असले की झाले.

आता फाक दहा अंशांनी कलंडवा. मूळ वर्तुळाचा केंद्रबिंदू टेबलापासून पाच सेंटिमीटरवरच राहतो, कारण गोल बाजू कुठेही टेकली तरी त्रिज्या तीच. गुरुत्वमध्य मात्र केंद्राखाली सरळ न राहता तिरका होतो आणि किंचित वर चढतो. चढ आहे केवळ ०.३२ मिलिमीटर, मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढ्याशा चढावरून खाली यायच्या धडपडीतून सारे डुलणे घडते. परत खेचणारा जोर a वर अवलंबून असतो. गुरुत्वमध्य केंद्राच्या जितका खाली, तितका हा जोर जास्त.

इथवर कोणी चुकत नाही. घोळ होतो तो दुसऱ्या अर्ध्या हिशेबात, म्हणजे फाक फिरवायला किती जड जाते हे काढताना. पदार्थविज्ञान त्याला जडत्व आघूर्ण म्हणते, आणि ते कोणत्या अक्षाभोवती मोजले यावर त्याचा आकडा बदलतो. आपली फाक न घसरता लोळते, म्हणून कोणत्याही क्षणी ती टेबलाला टेकलेल्या रेषेभोवती फिरत असते. आपल्याला त्या रेषेभोवतीचे आघूर्ण हवे. पुस्तकात तयार मिळते ते केंद्राभोवतीचे: वस्तुमान गुणिले त्रिज्येच्या वर्गाचे अर्धे. आकडे सोपे राहावेत म्हणून वस्तुमान बाजूला ठेवू. केंद्राभोवती १२.५.

इथे पुष्कळ विद्यार्थी १२.५ मध्ये त्रिज्येचा वर्ग, म्हणजे २५, सरळ मिळवतात आणि ३७.५ लिहून मोकळे होतात. समांतर अक्षाचा नियम अशी उडी मारू देत नाही. एका अक्षावरून दुसऱ्यावर जायचे तर वाटेत गुरुत्वमध्यापाशी थांबावेच लागते. आधी केंद्रावरून गुरुत्वमध्याकडे या: १२.५ मधून २.१२ चा वर्ग, ४.५, वजा करा, राहिले ८. मग गुरुत्वमध्यावरून टेबलाकडे जा: २.८८ चा वर्ग, सुमारे ८.३, मिळवा, झाले १६.३. कुठे ३७.५ आणि कुठे १६.३! पूर्ण रुळासाठी मात्र ती थेट बेरीज बरोबर येते, कारण तिथे केंद्र आणि गुरुत्वमध्य एकच. सवय तिथूनच लागत असावी.

खेचणारा जोर आणि हे आघूर्ण यांचे गुणोत्तर घेतले की आवर्तकाल मिळतो. सगळे मांडून आटोपले की सूत्र असे उरते:

T = 2π √[(9π − 16)R / 8g]

५ सेंटिमीटर त्रिज्येला हा वेळ ०.५६ सेकंद येतो. एक डुलणे हाताने मोजायला फार चपळ आहे, म्हणून वीस मोजा. अकरा सेकंदांच्या थोडे पुढे काटा यायला हवा. ३७.५ वाल्या उत्तराने तो जवळजवळ सतराच्या घरात जाईल, तेव्हा चूक लपून राहत नाही. हवा आणि टेबलाचे घर्षण यांमुळे फाक हळूहळू थंडावते, पण वेळेत त्याने फारसा फरक पडत नाही.

हीच फाक तेल लावलेल्या गुळगुळीत काचेवर ठेवली तर गोष्ट बदलते. घर्षण नसेल तर गुरुत्वमध्याला आडवे ढकलणारे काहीच नाही. तो जागेवरच वरखाली होतो आणि फाक त्याच्याभोवती फिरते. मग हिशेबात १६.३ ऐवजी ८ येतो आणि वेळ ०.३९ सेकंदांवर उतरतो. साध्या टेबलावर असे होत नाही. दहा अंशांच्या डुलण्याला फाकेच्या वजनाच्या साडेसहा टक्के एवढेच घर्षण लागते, आणि लाकडावर लाकूड असले की ते सहज मिळते.

सूत्र लहान डुलण्यांपुरते आहे, आणि इथे ‘लहान’ हे लंबकापेक्षा जास्त काटेकोरपणे घ्यावे लागते. वीस अंशांनी सोडलेला साधा लंबक एक टक्क्याहूनही कमी रेंगाळतो; आपली फाक पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. कारण ती कलंडली की टेकलेली रेषा गुरुत्वमध्याखालून बाजूला सरकते, दोघांमधले अंतर वाढते, आणि १६.३ हा आकडाच कलानुसार फुगत जातो. खेचणारा जोर कोनाच्या प्रमाणात वाढत नाही ही लंबकाची अडचण वर आहेच. म्हणून मोजताना दहा अंशांच्या आत राहावे.

फाकेऐवजी पाण्याचा पातळ पाइप उभा चिरला, तर सगळे वस्तुमान कडेला जाते. गुरुत्वमध्य त्रिज्येच्या ०.६४ पट खाली उतरतो आणि सूत्र आणखी आटोपशीर होते: T = 2π √[(π − 2)R/g]. तेवढ्याच त्रिज्येचा अर्धा पाइप ०.४८ सेकंदात डुलतो, म्हणजे भरीव फाकेपेक्षा चपळ.

उलट वेळ वाढवायची तर गुरुत्वमध्य वर न्यायचा. फाकेचे वजन पावणेतीनशे ग्रॅम धरा आणि तिच्या सपाट बाजूवर बरोबर मधोमध शंभर ग्रॅमची लाकडी पट्टी उभी चिकटवा. पट्टी बुटकी असेल तर डुलणे जरा संथ होते. तीच शंभर ग्रॅमची पट्टी अधिकाधिक उंच आणि बारीक घेत गेलात, तर साडेअकरा सेंटिमीटरच्या पुढे दोघांचा मिळून गुरुत्वमध्य वर्तुळाच्या केंद्रापाशी पोहोचतो. खेचणारा जोर संपतो, एकेक डुलणे काही सेकंद रेंगाळू लागते, आणि त्याहून थोडी उंच पट्टी लावली की फाक परत येतच नाही, कडेवर कोसळते.