पीक प्रात्यक्षिक आणि गावातील विश्वासाची माणसे : नांदेड-लातूरमधील बियाणे व खतविक्रीचा अभ्यास

१. उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• बियाणे व खताच्या विक्रीत पीक प्रात्यक्षिक नेमके कोणते काम करते, हे सांगणे.
• प्रात्यक्षिकातील तुलना न्याय्य आहे की नाही, हे ओळखणे.
• विक्रीच्या संवादात गावातील विश्वासू व्यक्तीचे स्थान आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे.

२. प्रास्ताविक

साबण घेणारा ग्राहक वस्तू आवडली नाही तर पुढच्या महिन्यात दुसरी घेतो. बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्याला ही सोय नसते. जून-जुलैमध्ये जमिनीत गेलेल्या बियाण्याचा निकाल ऑक्टोबरमध्ये कळतो आणि तोपर्यंत संपूर्ण हंगाम पणाला लागलेला असतो. पिशवीतील दाणा पाहून त्याचे वाण ओळखणे जाणत्यालाही अवघड जाते. त्यामुळे केवळ जाहिरातीच्या शब्दांवर हा व्यवहार होत नाही. शेतकऱ्याला पीक उभे असलेले पाहायचे असते, आणि ज्याच्या शब्दाला किंमत आहे अशा कोणाचे तरी मत ऐकायचे असते. या दोन गरजांतून पीक प्रात्यक्षिक आणि स्थानिक प्रभावी व्यक्ती ही विक्रीची दोन साधने निर्माण झाली आहेत.

लातूर आणि नांदेड या जिल्ह्यांत सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. म्हणून या घटकात आपण सोयाबीनचे उदाहरण घेणार आहोत.

३. माहिती एकाकडून, खात्री दुसऱ्याकडून

ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याचा प्रसार कसा झाला याचा अभ्यास केला. तो १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या बियाण्याची पहिली माहिती सर्वाधिक शेतकऱ्यांना विक्रेत्याकडून मिळाली होती, परंतु ते पेरावे ही खात्री प्रामुख्याने शेजारी शेतकऱ्यांमुळे झाली, असे त्यात आढळले. शिवाय शेतकऱ्यांनी आरंभी थोड्याच क्षेत्रावर नवे बियाणे लावून पाहिले होते.

आपल्याकडेही हे दोन टप्पे स्पष्ट दिसतात. कंपनीचा प्रतिनिधी, सहायक कृषी अधिकारी किंवा कृषी सेवा केंद्राचा दुकानदार वाणाचे नाव कानावर घालतो. त्यानंतर शेतकरी शेजाऱ्याला विचारतो, ‘तुम्ही पेरलं होतं का? उतारा किती पडला?’ या प्रश्नाचे उत्तर जेथे पाहता येते, ती जागा म्हणजे प्रात्यक्षिकाचा प्लॉट.

सोयाबीनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सोयाबीनचे फूल स्वपरागित असते. म्हणून जेएस-३३५ किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे एमएयूएस-१६२ यांसारखे सरळ वाण एकदा घेतले की त्याचे बी शेतकरी पुढील दोन-तीन वर्षे स्वतः राखू शकतो. संकरित कापसाचे बियाणे मात्र दरवर्षी विकत घ्यावे लागते. त्यामुळे सोयाबीनच्या एका चांगल्या प्रात्यक्षिकाने गावाला नवे वाण मिळते. विक्रेत्याला त्या गावात दरवर्षी गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. याच कारणाने सोयाबीनच्या प्रात्यक्षिकांत विद्यापीठ, कृषी विभाग, कृषी विज्ञान केंद्रे आणि ‘महाबीज’ यांसारख्या सार्वजनिक संस्थांना विशेष महत्त्व आहे.

४. प्रात्यक्षिकाची मांडणी

प्रात्यक्षिक म्हणजे उत्तम पीक दाखवणे नव्हे, तुलना दाखवणे होय. एकाच शेतकऱ्याच्या एकाच शेतात एका बाजूला नवे वाण आणि दुसऱ्या बाजूला त्याचे नेहमीचे वाण असावे. पेरणीचा दिवस, खत, दोन ओळींतील अंतर, फवारण्या आणि पाणी या सर्व गोष्टी दोन्हीकडे सारख्या असाव्यात. फरक एकच असावा, तो म्हणजे वाणाचा. हा नियम मोडला की दिसणारा फरक कशामुळे पडला हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रत्यक्षात हा नियम नकळतही मोडतो. प्रात्यक्षिकासाठी रस्त्याकडेची भारी जमीन निवडली जाते. मराठवाड्यात ऑगस्टमध्ये पावसाचा खंड नेहमी पडतो. त्या वेळी प्रात्यक्षिकाच्या प्लॉटला तुषार सिंचनाने एक-दोन पाणी मिळते आणि शेजारच्या कोरडवाहू प्लॉटला मिळत नाही. मग सप्टेंबरमध्ये शेंगा भरताना शेतदिनाला आलेल्या मंडळींना जो फरक दिसतो, त्यात पाण्याचा वाटा किती आणि बियाण्याचा किती, हे उलगडत नाही. म्हणून प्लॉटजवळच्या फलकावर वाण, पेरणीची तारीख, एकरी बियाणे, खताची मात्रा आणि दिलेले पाणी यांची नोंद असावी. फलकावर केवळ ‘भरघोस’ व ‘विक्रमी’ ही विशेषणे असतील, तर ती जाहिरात आहे असे समजावे.

खताच्या प्रात्यक्षिकात डोळ्यांची फसवणूक अधिक होते. नत्र दिल्यावर थोड्याच दिवसांत पीक हिरवेगार दिसते. परंतु सोयाबीन मुळांवरील गाठींतून आपले बरेचसे नत्र स्वतः मिळवते, आणि हिरवेपणा म्हणजे दाणे नव्हेत. एक चांगले प्रात्यक्षिक पाहा. डीएपीच्या ५० किलोच्या एका पिशवीतून ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळते. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन पिशव्या आणि २० किलो युरिया यांतूनही जवळपास तेवढेच नत्र व स्फुरद मिळते. वर सुमारे १६ किलो गंधक मिळते. त्यातील कॅल्शियम काळ्या जमिनीत मुळातच भरपूर असते. म्हणजे दोन प्लॉटमध्ये महत्त्वाचा फरक गंधकाचाच राहतो. सोयाबीन हे तेलबिया पीक असल्याने त्याला गंधक लागते. ते या जमिनीत कमी पडत होते की नाही, याचे उत्तर हे प्रात्यक्षिक देऊ शकते. अर्थात ते उत्तर पानांच्या रंगात नसून काट्यावरच्या वजनात असते, आणि त्याला दोन्ही खतांच्या त्या वर्षीच्या खर्चाची जोड द्यावी लागते.

५. उताऱ्याचा हिशेब : एक उदाहरण

समजा, अहमदपूर तालुक्यातील एका शेतात दोन वाणांची तुलना आहे. दोन्ही प्लॉटमधून एकेक गुंठा पीक कापून मळणी केली. जुन्या वाणाचे १७ किलो आणि नव्या वाणाचे २० किलो सोयाबीन निघाले. एका एकरात ४० गुंठे असतात. म्हणजे जुन्याचा उतारा ६.८ क्विंटल आणि नव्याचा ८ क्विंटल. नव्या वाणाने एकरी १२० किलो अधिक दिले, असे शेतदिनाला जाहीर होईल.

आता ओलावा तपासू. नवे वाण आठवडाभर उशिरा पक्व होणारे असल्याने त्याच्या दाण्यात १६ टक्के ओलावा आहे. जुन्या वाणाच्या दाण्यात १२ टक्के. हमीभावाच्या खरेदीतही १२ टक्क्यांपर्यंतचाच ओलावा ग्राह्य धरतात. नव्या वाणाचे २० किलो १२ टक्क्यांवर आणले तर ते १९.१ किलो भरतात. म्हणजे गुंठ्याला खरा फरक सुमारे २.१ किलोचा आणि एकराला ८४ किलोचा झाला. नवे वाण अजूनही सरस आहे. परंतु जाहीर झालेल्या फायद्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा पाण्याचा होता.

दुसरा घोळ भाषेत दडलेला आहे. आपल्या भागात उतारा अनेकदा एकराऐवजी ‘बॅगेला’ सांगतात. ३० किलोची बॅग एका एकरात पेरली आणि ८ क्विंटल झाले, तर ‘बॅगेला आठ’. तीच बॅग विरळ पेरून सव्वा एकरात पुरवली आणि ९ क्विंटल झाले, तर ‘बॅगेला नऊ’. ऐकणाऱ्याला दुसरे वाण सरस वाटते. प्रत्यक्षात त्याचा एकरी उतारा ७.२ क्विंटलच आहे. म्हणून ‘बॅग किती क्षेत्रावर पेरली?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय अशी दोन विधाने एकमेकांशेजारी ठेवू नयेत.

६. शब्दाला किंमत असलेली माणसे

प्रात्यक्षिकासाठी शेतकरी निवडताना पुष्कळदा गावातील सर्वांत मोठा बागायतदार निवडला जातो. त्याचे पीक उत्तम येते, पण कोरडवाहू शेतकरी ते पाहून म्हणतो, ‘त्याला पाणी आहे, त्याचं जमतं.’ लोक अनुकरण करतात ते आपल्यासारखीच जमीन आणि तेवढेच पाणी असणाऱ्याचे. म्हणून ज्याच्या बांधावर शेजारी सहज थांबतात असा मध्यम शेतकरी या कामासाठी अधिक योग्य असतो.

दुसरी प्रभावी व्यक्ती म्हणजे दुकानदार. तो सल्ला देतो, उधारीही देतो आणि माल त्याचाच असतो. उधारी घेतलेल्या शेतकऱ्याला त्याचा सल्ला नाकारणे जड जाते. टंचाईच्या काळात हव्या असलेल्या खताबरोबर नको असलेले उत्पादन गळ्यात मारण्याच्या, म्हणजे ‘लिंकिंग’च्या तक्रारीही याच नात्यातून उद्भवतात. मोबदला घेऊन वाणाची शिफारस करणाऱ्या शेतकऱ्याबाबतही हाच प्रश्न येतो. मोबदला घेणे हा दोष नाही. तो लपवणे हा दोष आहे. ‘हे बियाणे मला कंपनीने फुकट दिले होते’ असे सांगूनही ज्याचे मत लोक ऐकतात, त्याचाच विश्वास टिकाऊ असतो.

या विश्वासाची कसोटी वाईट वर्षात लागते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाने काढणीला आलेले सोयाबीन भिजले. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण पातळ असते. भिजण्याने किंवा पोती आपटण्याने त्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात बियाणे न उगवल्याच्या मोठ्या संख्येने तक्रारी आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आदल्या वर्षी प्लॉट कितीही सुरेख दिसला असला, तरी हातातील पिशवीतले बी उगवेल याची हमी त्यातून मिळत नाही. प्लॉट वाणाविषयी सांगतो, पिशवीविषयी नाही.

पिशवीसाठी वेगळे, घरगुती प्रात्यक्षिक आहे. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने मांडावेत, गोणपाट गुंडाळून ओलसर ठेवावे आणि सहा-सात दिवसांनी निरोगी कोंब मोजावेत. ७० किंवा अधिक उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. ६० उगवले तर ३५ किलो लागते. त्याहून बरेच कमी उगवले तर ते बी पेरू नये. जो दुकानदार आलेल्या लॉटची ही चाचणी मे महिन्यातच दुकानात सर्वांसमोर करतो, त्याला वेगळ्या जाहिरातीची गरज कमी भासते. तरीही शेतकऱ्याने पक्की पावती, पिशवीवरील लेबल आणि थोडे बियाणे जपून ठेवावे. तक्रार करण्याची वेळ आली तर तोच पुरावा ठरतो.

७. सारांश

बियाणे व खताच्या विक्रीत प्रात्यक्षिक पुराव्याचे काम करते आणि स्थानिक व्यक्ती त्या पुराव्याची साक्षीदार असते. एकच फरक ठेवून केलेली, काट्यावर मोजलेली आणि ओलावा व क्षेत्र यांचा हिशेब दिलेली तुलना हाच ग्राह्य पुरावा होय. आपला मोबदला उघड करणारा आणि अपयश आले तर तेही सांगणारा साक्षीदारच विश्वसनीय होय.

८. स्वाध्याय

१. ‘बॅगेला उतारा’ आणि ‘एकरी उतारा’ यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
२. तुमच्या परिसरातील एखाद्या प्रात्यक्षिक प्लॉटचा फलक वाचा. त्यावर कोणत्या नोंदी नाहीत, ते लिहा आणि तो फलक सुमारे ५० शब्दांत नव्याने तयार करा.
३. दुकानदाराचा सल्ला आणि शेजारी शेतकऱ्याचा सल्ला यांच्या विश्वासार्हतेची तुलना करा.