सहावीचा प्रयोग, अकरावीचे यंत्र

विज्ञान प्रदर्शनात सहावीतल्या मुलीचा पाणी गाळण्याचा प्रयोग अकरावीतल्या मुलाच्या सेन्सरच्या यंत्राशी थेट ताडणे अन्यायाचे आहे. गुण त्या त्या इयत्तेच्या अपेक्षेनुसार द्यावे लागतात. तिने वाळूचा थर बदलत दरवेळी गढूळपणा नोंदवला असेल, तर तिच्या वयाला ते उत्तम काम आहे.

तरी कुणा परीक्षकाचा हात आखडता, कुणाचा सढळ असतोच. समजा, तिच्या परीक्षकाची सरासरी ५५ आणि तिला ६८. त्याच्या परीक्षकाची सरासरी ७० आणि त्याला ७६. सरासरीच्या पुढे ती १३ गुणांनी, तो सहानेच. मात्र परीक्षकाने चारपाचच प्रकल्प पाहिले असतील, तर ही सरासरी फसवी ठरते. कदाचित त्याच्या वाट्याला प्रकल्पच सरस आले असतील. म्हणून दोन-तीन प्रकल्प सगळ्याच परीक्षकांनी तपासावेत.